दुकान बंद करायला किती लागतील? एका कराराचं उलट्या बाजूने वाचन

ताईंनी मसुदा माझ्यासमोर ठेवला तेव्हा त्यावर पेन्सिलीच्या दोनच खुणा होत्या. एक भाड्याखाली, महिना ३०,०००. दुसरी डिपॉझिटखाली, २ लाख. उरलेल्या साडेसहा पानांवर काहीच नव्हतं. "बाकीचं नेहमीचंच असतं म्हणाले एजंट. शनिवारी सह्या करायच्यात, दादा, तुम्ही फक्त एकदा नजर टाका."

ताई चौदा वर्षं घरातून डबे करतात. आता पोळी-भाजी केंद्र काढायचं होतं. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका सोसायटीच्या तळमजल्यावर २८० चौरस फुटांचा गाळा मिळत होता. आधी तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. कामगारांसाठी मागच्या बाजूला जागा, पुढे बसथांबा, चालत येणारं गिऱ्हाईक. जागा चांगली होती, यात मला शंका नव्हती. मी छोट्या दुकानांचे हिशेब लिहितो आणि त्या निमित्ताने असे करार बरेच वाचतो. वकील नाही. पण करारातलं कलम म्हणजे शेवटी महिन्याच्या खर्चाची एक ओळ असते, आणि ती ओळ काढायला वहीच लागते.

मी ताईंना एकच प्रश्न विचारला. दुकान सुरू करायला किती लागतील हे तुम्हाला पाठ आहे. दहाव्या महिन्यात बंद करावं लागलं तर किती लागतील? त्यांनी सांगितलं, "डिपॉझिट परत मिळेल, भांडी विकता येतील." मग आम्ही मसुदा शेवटच्या पानापासून वाचायला घेतला.

आपल्याकडे दुकानाचा गाळा बहुतेक वेळा भाडेपट्ट्याने देत नाहीत, लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे फक्त जागा वापरायच्या परवान्यावर देतात. करारात मालक 'लिहून देणार' असतो, दुकानदार 'लिहून घेणार', आणि भाड्याला 'परवाना शुल्क' म्हणतात. मी इथे भाडंच म्हणतो. या करारात मुदत ६० महिन्यांची होती, आणि तीन कलमं तीन वेगवेगळ्या पानांवर होती: भाडेवाढ, लॉक-इन आणि जागा पूर्ववत करून देणं. ती एकेकटी वाचली की साधी वाटतात. एजंटही ती एकेकटीच वाचून दाखवतात.

आधी भाडेवाढ. तोंडी ठरलं होतं 'वर्षाला आठ टक्के'. ताईंनी मनात हिशेब केला होता की दर वर्षी २,४०० वाढतील. म्हणजे ३०,०००, ३२,४००, ३४,८००, असं करत पाचव्या वर्षी ३९,६००. मसुद्यातलं वाक्य असं होतं: "मासिक परवाना शुल्क व सेवा शुल्क यांच्या तत्कालीन एकूण रकमेत दर ११ महिन्यांनी ८ टक्के वाढ होईल." आठ टक्के होतेच. पण त्यांच्या आजूबाजूला तीन शब्द होते, आणि तिन्हींचे पैसे होतात.

'तत्कालीन' म्हणजे वाढीवर वाढ. दुसऱ्या वाढीपासून ३०,००० च्या आठ टक्क्यांऐवजी ३२,४०० चे आठ टक्के. यात मालकाचं काही चुकत नाही, बाजारात हीच पद्धत आहे. पाच वर्षांत त्याने फरक पडतो सुमारे २४,००० चा.

'११ महिन्यांनी' याचा फटका जास्त. नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची सवय लावून घेतली. महाराष्ट्रात त्या सवयीला आता अर्थ उरलेला नाही, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असलं तरी लेखी आणि नोंदवलेलंच लागतं, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. पण जुन्या अकरामाही कराराचा मसुदा उचलून त्यात फक्त मुदत बदलली, की अकरा महिने भाडेवाढीच्या ओळीत तसेच राहतात. ६० महिन्यांत बाराच्या हिशेबाने चार वाढी होतात, अकराच्या हिशेबाने पाच. शेवटचे पाच महिने भाडं ४४,०८० वर गेलं असतं. फरक आणखी ४४,४०० चा.

तिसरा शब्द 'एकूण'. सेवा शुल्क महिना २,५०० होतं, म्हणजे सोसायटीचा मेंटेनन्स. सोसायटीने मेंटेनन्स वाढवला नाही तरी करारामुळे तो दर अकरा महिन्यांनी आठ टक्क्यांनी वाढणार आणि वरची रक्कम मालकाकडे राहणार. पाच वर्षांत सुमारे २९,७००.

तिन्ही मिळून ९८,००० च्या आसपास. ताई गप्प बसल्या. मग त्यांनीच एक गोष्ट काढली, जी माझ्या डोक्यात आली नव्हती. त्यांनी पोळीचा भाव मागच्या तीन वर्षांत एकदाच वाढवला होता, १० वरून १२. म्हणजे तीन वर्षांत २० टक्के. या करारात तेवढ्याच काळात भाडं तीनदा वाढून जवळजवळ २६ टक्के वर जात होतं. भाडेवाढ जास्त की कमी हे शेजारच्या गाळ्याशी तुलना करून फारसं कळत नाही. आपल्या मालाचा भाव आपण किती वेळा आणि किती वाढवू शकतो, त्याच्याशी तिची गाठ घालून बघावी लागते.

याच पानाच्या तळाला एक ओळ होती: "शासनाचे सध्याचे व भविष्यातील सर्व कर लिहून घेणार भरेल." मालकाची जीएसटी नोंदणी नव्हती, ताईंचीही नव्हती, त्यामुळे आज भाड्यावर जीएसटी नव्हता. पण मालकांची सगळी उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते, आणि दुकानाच्या भाड्यावर १८ टक्के लागतात. ३०,००० वर ते ५,४०० होतात, म्हणजे एका दिवसात दोन वर्षांची भाडेवाढ. ही ओळ पुढे बदलली: मालमत्ता कर मालकाचा, आणि जीएसटी लागू झालाच तर त्या वर्षीची आठ टक्के वाढ होणार नाही.

आता लॉक-इन. कलम असं होतं: पहिले ३६ महिने लिहून घेणाऱ्याला जागा सोडता येणार नाही, सोडल्यास उरलेल्या लॉक-इनचं संपूर्ण शुल्क एकरकमी द्यावं लागेल, आणि ते डिपॉझिटमधून वळतं करून घेण्याचा अधिकार लिहून देणाऱ्याला राहील. दोन कलमं सोडून पुढे होतं की लिहून देणार कोणतंही कारण न देता ३० दिवसांच्या नोटिशीवर करार संपवू शकेल. म्हणजे ताई तीन वर्षं बांधलेल्या, मालक एक महिना. ओटा, चिमणी, नळजोडणी यावर साडेतीन लाख खर्च करून बसलेल्या माणसाला तीस दिवसांत उठवता येईल, असा हा कागद होता.

दहाव्या महिन्याच्या शेवटी दुकान बंद केलं तर काय, ते आम्ही मांडलं. उरले २६ महिने. एक महिना ३०,००० ने, पुढचे अकरा ३२,४०० ने, त्यापुढचे अकरा ३४,९९२ ने, शेवटचे तीन ३७,७९१ ने. बेरीज ८,८४,६८६. सेवा शुल्क वेगळं.

एवढे पैसे न्यायालयात मिळतीलच असं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करारात रक्कम लिहिलेली असली तरी भरपाई वाजवी तेवढीच मिळते, आणि लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते. गाळा दोन महिन्यांत दुसऱ्याला गेला, तर मालकाचं नुकसान दोन महिन्यांचं, सव्वीसचं नाही. पण हे कलम ताईंच्या बाजूचं आहे म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नव्हता. २ लाख आधीच मालकाच्या खात्यात असणार. ते परत मागायला दावा ताईंनीच लावायचा, आणि तोही धंदा बंद पडलेला असताना. म्हणून लॉक-इनचा आकडा बघताना मी कायद्यात किती टिकेल हे नंतर बघतो. माझ्या हातातून आधीच किती गेलेलं आहे ते आधी.

या कलमात आणखी एक गोष्ट दडलेली होती, जी मला दुसऱ्या वाचनात दिसली. "लॉक-इन संपल्यानंतर तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन करार संपवता येईल." नोटीस लॉक-इन *संपल्यानंतर* द्यायची. म्हणजे ३६ व्या महिन्यात बाहेर पडायचं ठरवलं तरी ३९ महिने भाडं भरायचं. तीन महिन्यांचे १,१३,३७४ त्या एका शब्दाचे.

आणि लॉक-इन मोजायचं कराराच्या तारखेपासून, भाडंही त्याच तारखेपासून. गाळ्यात तेव्हा थ्री-फेज वीज नव्हती, चिमणीचा डक्ट मागच्या भिंतीतून वर न्यायला सोसायटीची परवानगी नव्हती. ती मिळालीच नाही तर? अन्नधंद्यासाठी गाळा घेतलेला, तिथे फोडणी टाकता येत नाही, आणि लॉक-इन मात्र चालू. तीनही कलमांत मला सर्वात धोकादायक जागा हीच वाटली. धंदा न चालणं हा आपला धोका आहे, तो पत्करूनच माणूस दुकान काढतो. धंदा सुरूच न होऊ शकणं हा धोका ताईंनी का घ्यायचा?

तिसरं कलम: "मुदत संपताच लिहून घेणार जागा मूळ स्थितीत, लिहून देणार यांच्या समाधानाप्रमाणे परत करेल. तसे होईपर्यंत ताबा दिला असे मानले जाणार नाही व दुप्पट दराने शुल्क देय राहील." खाली जोड होती की लिहून घेणाऱ्याने केलेलं कोणतंही काम कायम स्वरूपाचं मानलं जाणार नाही. या जोडीचं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ६० प्रमाणे परवाना मालकाला सहसा केव्हाही काढून घेता येतो. पण परवान्याच्या भरवशावर कुणी कायम स्वरूपाचं काम करून खर्च केला असेल तर तो काढता येत नाही. ती वाट बंद करण्यासाठी वकील हे वाक्य घालतात. मालकाने ते काढायला नकार दिला आणि मला तो पटला.

खरी अडचण 'मूळ स्थिती' या शब्दांत होती. मूळ म्हणजे कुठली? आम्ही गुरुवारी संध्याकाळी गाळ्यात गेलो. आधीच्या मोबाइलवाल्याने लावलेलं पीओपीचं छत अजून होतं, एका कोपऱ्यात ओल धरून फुगलेलं. मधे काचेचं पार्टिशन. शटरची डावी पट्टी वाकलेली. मागच्या भिंतीत वायरींसाठी पाडलेली भोकं. ताई छत काढणार होत्या, कारण चिमणीच्या वाफेत ते टिकणारच नाही. मग पाच वर्षांनी मालक म्हणू शकतात की छत होतं, ते परत करून द्या. किंवा ठेवलं, तर म्हणू शकतात की हे काढून द्या. दोन्ही वाक्यं 'मूळ स्थितीत' बसतात.

ताईंचा मिस्त्री बरोबर होता. त्याला विचारलं, तू आता जे करणार आहेस ते सगळं परत काढायला काय घेशील? तो आधी हसला, मग भिंतीला टेकून वहीच्या पानावर लिहून दिलं: ओटा आणि काउंटर तोडायचे ९,०००, भिंतीच्या टाइल्स उखडून प्लास्टर २६,०००, डक्ट उतरवून भोक बुजवायचे १२,०००, राडारोडा उचलायचे ६,०००, रंग १५,०००. एकूण ६८,०००, आजच्या दराने. शिवाय आठ-दहा दिवस. ते दिवस मुदतीच्या आत धरले नाहीत तर दुप्पट भाडं चालू.

आता माझ्या पहिल्या प्रश्नाला उत्तर होतं. मसुदा जसा आहे तसा सही केला आणि दहाव्या महिन्यात दुकान बंद केलं, तर कागदावर ९,५२,६८६ देणं लागतं. दुकान सुरू करायच्या खर्चाच्या दीडपटीहून जास्त.

शुक्रवारी मालकांकडे बसलो. निवृत्त गृहस्थ, पत्नीच्या आजारपणात या गाळ्याचं भाडंच कामी आलेलं. ताई म्हणाल्या, "काका, तुम्हाला तीन वर्षांचं कशासाठी पाहिजे?" त्यांनी सरळ सांगितलं. मोबाइलवाला पाचव्या महिन्यात निघून गेला. गाळा तीन महिने रिकामा राहिला, आणि नव्या माणसासाठी एजंटला पुन्हा पैसे द्यावे लागतात. म्हणजे त्यांची भीती तीन-चार महिन्यांच्या भाड्याची होती आणि मसुद्यात मागितले होते सव्वीस महिने. दोन्ही बाजूंना हे एकदा कळलं की बोलणं सोपं झालं.

लॉक-इन १८ महिन्यांचं ठरलं, ताबा मिळाल्यापासून मोजायचं. त्याआधी सोडलं तर तीन महिन्यांचं भाडं किंवा उरलेलं लॉक-इन, यातलं जे कमी असेल ते द्यायचं, त्यापलीकडे काही नाही. लॉक-इन संपताना बाहेर पडायचं असेल तर नोटीस लॉक-इनच्या आतही देता येईल. मालकांनी पूर्ण ६० महिने, भाडं वेळेवर मिळत असेल तर, करार संपवायचा नाही. सोसायटीने किंवा महापालिकेने चिमणी नाकारली, किंवा वीजभार ६० दिवसांत वाढला नाही, तर ताईंनी लॉक-इनचे पैसे न देता जागा सोडायची आणि डिपॉझिट पूर्ण परत. यावर काका सर्वात जास्त अडले. "सोसायटीचं मी कसं सांगू?" शेवटी त्यांनीच सेक्रेटरींना फोन लावला. पहिले ३० दिवस काम करण्यासाठी बिनभाड्याचे मिळाले. ४५ मागितले होते.

भाडेवाढ ८ टक्के आणि वाढीवर वाढ, हे त्यांनी सोडलं नाही. आम्हीही ताणलं नाही. पण ती १२ महिन्यांनी आणि फक्त भाड्यावर. मेंटेनन्स सोसायटीच्या पावतीप्रमाणे. शिवाय टक्क्याच्या वाक्याखाली प्रत्येक वर्षाचं भाडं रुपयांत लिहून घेतलं: ३०,०००, ३२,४००, ३४,९९२, ३७,७९१, ४०,८१५. आकडे लिहिलेले असले की 'तत्कालीन' शब्दाचा अर्थ पाच वर्षांनी कुणाला लावत बसावा लागत नाही.

पूर्ववत करण्याच्या कलमात 'समाधानाप्रमाणे' जाऊन 'परिशिष्ट अ मधील स्थितीप्रमाणे, नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून' आलं. या परिशिष्टात ताबा घेतानाची गाळ्याची अवस्था फोटोंसह नोंदवायची. टाइल्स, नळजोडणी आणि वाढवलेला वीजभार तसाच सोडायचा. तो मालकांच्याही फायद्याचा. म्हणजे मिस्त्रीच्या पानावरचे २६,००० गेले, ४२,००० उरले. आणि शेवटी एक ओळ, जिच्यासाठी मी कुठल्याही करारात अडून बसतो: किल्ल्या आणि डिपॉझिट एकाच वेळी, एकाच टेबलावर. मसुद्यात होतं की ताबा दिल्यावर ६० दिवसांत. किल्ली दिल्यानंतर दुकानदाराच्या हातात काहीच उरत नाही.

दहाव्या महिन्याचा हिशेब पुन्हा केला. ९०,००० अधिक ४२,०००, म्हणजे १,३२,०००. डिपॉझिटच्या आत.

एजंटने जाता जाता सुचवलं की नोंदणीसाठी साधा मसुदा वापरू, हे बदल वेगळ्या कागदावर सही करून ठेवू. ते मी होऊ दिलं नाही. भांडण झालं की नोंदवलेला कागदच आधी बघतात. मुद्रांक शुल्क तरी किती होतं? लिव्ह अँड लायसन्सला ६० महिन्यांपर्यंत एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटवरच्या वर्षाला १० टक्के धरलेल्या व्याजावर ०.२५ टक्के. इथे साडेपाच हजारांच्या आत, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००.

सह्या शनिवारी झाल्या नाहीत, पुढच्या बुधवारी झाल्या. ताबा घेतला त्या सकाळी ताई, काका, मी आणि मिस्त्री गाळ्यात होतो. ताईंनी फोनवर फोटो काढले: छताचा फुगलेला कोपरा, शटरची वाकलेली पट्टी, मीटरवरचं रीडिंग. भिंतीतल्या प्रत्येक भोकाला मिस्त्रीने टेप लावून धरला आणि मग फोटो. फरशीवर वाकून तडे मोजले. सात निघाले. काका म्हणाले, "आठ आहेत, शटरखालचा बघा." तोही लिहिला. सतरा फोटोंच्या प्रिंट काढून प्रत्येकीवर दोघांनी सह्या केल्या, आणि 'पीओपी छत व काचेचे पार्टिशन लिहून घेणार काढून टाकेल, परत लावून देणे नाही' ही ओळ काकांनी परिशिष्टाखाली स्वतःच्या हाताने लिहिली.